दारूचा वर्षाचा हिशेब: लोट्याला असलेल्या मुलास पत्र

वेंगुर्ला

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, महिन्यातून दोन-तीनदा बसतो, वर्षाला फार तर दहा हजार होत असतील." तू खोटं बोलतोस असं मला वाटत नाही, पण हा आकडा खरा नाही, हे मी गटाचे हिशेब लिहिणारी बाई म्हणून सांगते. दारूच्या खर्चाचा अंदाज बहुतेकांचा कमीच येतो. माणूस बाटलीची किंमत लक्षात ठेवतो आणि त्या संध्याकाळी खिशातून काय गेलं ते विसरतो. फोनवर हे नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या मामाचं उदाहरण देते. त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणायचा, "ताई, शनिवारची एक क्वार्टर, बाकी काही नाही." दुकानात ती त्याला २२० रुपयांना मिळते. वर्षाचे ५२ शनिवार धरले तर ११,४४०. हाच आकडा त्याच्या डोक्यात पक्का बसला होता. मी त्याला एक छोटी वही दिली आणि म्हटलं, बाटलीचे नको, त्या रात्री घराबाहेर गेलेले सगळे पैसे लिही.

शनिवारचाच हिशेब आधी बघ. क्वार्टरसोबत सोडा, पाण्याची बाटली, शेंगदाणे, दोन अंडी, कधी तळलेले बांगडे. २२० चे ३५० झाले. श्रावणात तो पीत नाही, म्हणून चार शनिवार वजा केले, तरी ४८ शनिवारांचे १६,८०० झाले. त्याच्या अंदाजापेक्षा हे पाच हजारांनी जास्त, आणि यात तो दाराबाहेर कुठे गेलेलाही नाही.

मग परमिट रूम. महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर जायचा, आणि हे "कधीतरी" म्हणून त्याने मोजलंच नव्हतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, साठचे तीन पेग. तिथे साठचा पेग दीडशेला धर, म्हणजे दुकानात २२० ची दारू टेबलावर ४५० ला पडते. त्यावर व्हॅट वेगळा. तो २०२३ च्या नोव्हेंबरपासून ५ चा १० टक्के झाला आहे. त्यात सुरमईची तुकडी, भाकरी आणि वेटरला दिलेले धरून टीटीएमएम करूनही त्याच्या वाट्याला सरासरी ७०० यायचे. श्रावण सोडून २२ वेळा गेला, त्याचे १५,४००. परत येताना गाडी तिथेच ठेवून रिक्षाने यायचा, त्याचे २,२००. रिक्षाचे पैसे त्याने आनंदाने द्यावेत असं मी म्हणेन, पण ते याच खर्चातले, म्हणून याच पानावर लिहायचे.

उरले सणवार. गटारीला १,८००, शिमग्याला २,५००, ३१ डिसेंबरला ३,०००, दोन हळदींचे मिळून ३,०००. आणि गणपती विसर्जनानंतर मुंबईहून आलेल्या भावांना बसवलं, त्याचे १,७००. मिळून १२,०००. हे दिवस वर्षातून एकदाच येतात, म्हणून त्यांना कोणी खर्चात धरत नाही. पण कोकणात असे एकेकदा येणारे दिवस किती आहेत ते तुला सांगायला नको.

वर्षअखेर बेरीज आली ४६,४००. त्याने ती तीनदा करून पाहिली. त्याच्या अंदाजाच्या चौपटीहून जास्त. गेल्या वर्षी पतसंस्थेतून स्कूटरसाठी त्याने कर्ज काढलं होतं ४०,००० चं.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुलाही लागू होईल. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. त्याआधी साधी क्वार्टर सव्वाशेच्या आसपास मिळायची. माणसाच्या डोक्यात मात्र जुनाच भाव राहतो. तुझ्या दहा हजारांच्या गणितात कुठला भाव आहे ते एकदा आठवून बघ.

तू म्हणशील, मी सगळं फोननेच देतो, बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसेलच. पूर्ण दिसणार नाही. वाईन शॉपची नोंद बऱ्याचदा मालकाच्या नावाने येते, वर्गणीचे पैसे मित्राच्या नावाने जातात, आणि चकण्याचे रोख दिलेले तर कुठेच येत नाहीत. म्हणून नाव शोधत बसू नकोस, वार आणि वेळ बघ. सुट्टीच्या आदल्या रात्री सातनंतर गेलेली रक्कम कशाची ते तुझं तुलाच कळेल. त्याच दिवशी संध्याकाळी एटीएममधून काढलेले पैसेही तपास. मागचे तीन महिने असे काढलेस तर ढोबळ चित्र दिसेल, मात्र ते खऱ्यापेक्षा कमीच असेल.

खरा आकडा हवा असेल तर वर्षभर लिहावं लागतं. एका महिन्याला बाराने गुणून चालत नाही. श्रावणाचा महिना धरलास तर खर्च नसल्यासारखा दिसेल आणि डिसेंबर धरलास तर घाबरून जाशील. लिहायचं दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी. दोन दिवस गेले की चकणा आणि रिक्षा विसरतात. तू सगळ्यांचं बिल भरलंस तर पूर्ण रक्कम लिही आणि कोणी परत दिले तर मिळाल्यावर वजा कर. "देतो नंतर" म्हणणाऱ्यांचे आधीच वजा करू नकोस. मित्राने पाजली असेल तर रक्कम शून्य लिही, पण तारीख लिहायचीच.

तारखेचं महत्त्व पैशांइतकंच आहे. मामाच्या तारखा आठवड्याला एक-दोन होत्या. तुझ्या वहीत रोजची तारीख दिसू लागली, किंवा न पिता हात थरथरतायत, घाम येतोय, झोप लागत नाही असं झालं, तर ती गोष्ट हिशेबाची राहत नाही. अशा वेळी एकदम बंद करायचं नाही, त्याने फिट येऊ शकते. आधी डॉक्टरकडे जायचं आणि मला कळवायचं. मी रागावणार नाही.

मामाने पिणं सोडलं नाही. सोडलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं, हे त्यालाही माहीत आहे. पण पानं चाळल्यावर त्याच्या लक्षात आलं की परमिट रूम आणि रिक्षा मिळूनच १७,६०० जातात. यंदा त्याने तिथे जाणं बंद केलं आहे. बाकी सगळं तसंच राहिलं तरी वर्षाचे २८,८०० च होतील. नुसतं "कमी पितो" म्हणाला असता तर कुठून कमी करायचं ते त्याला कळलं नसतं.

तू या शनिवारपासून लिहायला लाग. वही नको असेल तर फोनमध्ये लिही, पण ते पान फक्त याच खर्चाचं ठेव, किराणा आणि पेट्रोल त्यात मिसळू नकोस. मला दाखवायची सक्ती नाही.

बाबांचा गुडघा आता बरा आहे. लोट्याला पाऊस जास्त असेल तर रात्रपाळीला मोटारसायकल काढू नकोस, कंपनीच्या बसने जा.

तुझी,
आई

ता. क. लिहायला घेण्याआधी तुझा दहा हजारांचा अंदाज पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेव. मामाने तो लिहिला नव्हता, आणि वर्ष संपल्यावर म्हणायला लागला की आपण वीस हजार सांगितले होते.