आई, तुझी वेढणी मोडीत घालायची नाही

ती. आई-बाबांस सा. न.

आधी सांगून टाकते, म्हणजे फोनवर आवाज चढायला नको. सईच्या पाटल्यांची ऑर्डर मी काल दुसऱ्या पेढीवर दिली. आईची वेढणी परत घेतली, ती माझ्या कपाटात आहे. बाबा, तुम्हाला न विचारता केलं, याचं वाईट वाटतंय. जुन्या पेढीशी असलेल्या चाळीस वर्षांच्या ओळखीवर मला शंका घ्यायची नाही. पण त्यांनी दिलेली हिशोबाची चिठ्ठी मी रात्री दोनदा मांडून पाहिली, आणि मग झोप लागेना.

तुम्हीही मांडून बघा. दोन पाटल्या, निव्वळ वजन 40 ग्रॅम. त्या दिवशीचा 22 कॅरेटचा भाव ग्रॅमला 9,000. म्हणजे सोनं 3,60,000 रुपयांचं. त्यावर त्यांनी 8 टक्के घट धरली, म्हणजे आणखी 3.2 ग्रॅम, 28,800 रुपये. इथपर्यंत तुम्ही मला सांगितलं होतंत. पुढची 12 टक्के घडणावळ मात्र त्यांनी 3,60,000 वर लावलेली नाही, घट मिळवून झालेल्या 3,88,800 वर लावली आहे. ती 46,656 होते. आठ आणि बारा मिळून वीस होतील असं आपण धरलं, पण सोन्याच्या किमतीवर ते जवळजवळ 21 टक्के पडले. त्या फुगलेल्या रकमेवर 3 टक्के जीएसटी 13,063 रुपये 68 पैसे. दोन नगांचं हॉलमार्किंग प्रत्येकी 45 आणि त्यावर 18 टक्के कर, असे 106 रुपये 20 पैसे. एकूण 4,48,626.

घट खोटी असते असं मी म्हणत नाही. कानसताना, झाळताना सोनं उडतंच. पण सराफकट्ट्यावर पहाटे झारेकरी गटारातली माती का गोळा करतात, हे तुम्हीच मला लहानपणी बोट धरून दाखवलं होतंत ना? उडालेलं सोनं असं धुऊन परत मिळतं. शिवाय या पाटल्या साध्या, मशीनवरच्या. जाळीकाम नाही, खडे नाहीत. त्यात आठ टक्के जातील कुठे? आणि उद्या सईला त्या विकाव्या लागल्या तर वजन 40 ग्रॅमचंच होणार, 43.2 चं नाही.

नव्या पेढीवर मी एकच प्रश्न विचारला: घट, मजुरी सगळं धरून सोन्याच्या किमतीवर किती? त्यांनी 14 टक्के सांगितले, ते लिहून घेतले. तेच वजन, तोच भाव. 3,60,000 आणि 50,400, त्यावर कर 12,312, हॉलमार्किंग तेवढंच. 4,22,818 रुपये. म्हणजे 25,808 रुपयांचा फरक. आगाऊ 22,818 मी भरले आणि भाव बांधून घेतला. उरलेले चार लाख तुमच्या त्या ठेवीतून जातील. औषधांच्या ठेवीला हात लागणार नाही. आत्याच्या लग्नातलं पुन्हा होऊ नये हे तुमच्या मनात आहे, ते मला कळतं. आहेर आजोबांचाच राहील, माझं नाव कुणाला सांगायचं नाही.

आई, आता तुझं. तुझी वेढणी 6 ग्रॅमची, ती त्यांनी न वितळवता, न तपासता 10 टक्के कापून 5.4 ग्रॅम धरली होती. 48,600 रुपये. म्हणजे बाबांना कमी पडणारी रक्कम, जवळजवळ तंतोतंत. झाळलेल्या जोडाच्या डागाचं वजन कापतात हे ठीक, पण तुझी वेढणी नुसती वळलेली तार आहे. तिला डाग आहे कुठे? कणीक मळताना तू ती कधी काढली नाहीस. तापात माझ्या कपाळावर हात ठेवायचीस, तेव्हा आधी ती गार कड लागायची आणि मग तुझा तळवा. ती दुसऱ्या कुणाच्या मुशीत जाऊ देणं मला जमलं नाही, गं.

आता ऐका. पाटल्या आणायला बाबांनी स्कूटरवरून पेठेत जायचं नाही, दादा जाईल. त्याला सांगा, वजन त्याच्यासमोर काट्यावर करून घे. प्रत्येक पाटलीवर 22K916 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो. दोन पाटल्यांचे दोन वेगळे क्रमांक. ते BIS Care ॲपमध्ये Verify HUID मध्ये टाकून बघ, आणि पक्क्या बिलात वजन, भाव, घडणावळ वेगवेगळी लिहून घे. बाबा, जुन्या पेढीवर मी गोडीतच सांगितलंय की मुलीकडच्यांनी घडण बदलली. समोर भेटले तर चहा घ्या, हिशोब काढू नका. बीपीची गोळी जेवणाआधी.

रविवारी येते, वेढणी घेऊन. बोटं बारीक झालीत तुझी, सैल होईल. आतून दोरा गुंडाळून घाल, पण कापून लहान करायची नाही.

तुमची,
धाकटी