नाव फक्त आईचेच जात नाही

माननीय संपादक,

आपल्या रविवारच्या पुरवणीत, काही समाजांत आईबापांना त्यांच्या नावाने हाक न मारता 'अमक्याची आई', 'अमक्याचा बाप' असे का म्हणतात, यावर लेख होता. बाईची ओळख पुसण्यासाठी ही प्रथा आली, हा लेखातला निष्कर्ष मात्र मला पटला नाही. बरीच वर्षे मानवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

या प्रथेला 'टेक्नॉनिमी' हे नाव एडवर्ड टायलर यांनी 1889 साली दिले. ग्रीक भाषेत 'टेक्नॉन' म्हणजे अपत्य. त्यांचा अंदाज असा की, जावई सासरी राहायला जातो तिथे तो परका असतो आणि मूल झाल्यावरच त्याला घरचा मानतात. म्हणून मुलाचे नाव त्याला चिकटते. कल्पना सुरेख आहे, पण बाली बेटावर ती टिकत नाही. तिथे बहुधा नवरीच नवऱ्याच्या घरी जाते, आणि तरी ही प्रथा तिथे पक्की रुजलेली आढळली.

क्लिफर्ड आणि हिल्ड्रेड गीर्ट्झ या दांपत्याने बालीतल्या सामान्य घरांमधली ही प्रथा बारकाईने पाहिली आणि 1964 साली तिच्यावर लेख लिहिला. तिथे मुलांना जन्मक्रमानुसार नावे असतात: वायान, मादे, न्योमान, केतुत, आणि पाचवे मूल पुन्हा वायान. शिवाय प्रत्येकाला स्वतःचे असे एक नाव असते, पण ते फारसे कुणी उच्चारत नाही. वडीलधाऱ्यांचे तर नाहीच. आता एका जोडप्याला पहिले मूल झाले, नाव ठेवले रेग्रेग. त्या दिवसापासून बाप 'पान रेग्रेग' आणि आई 'मेन रेग्रेग'. मूल मुलगा की मुलगी, याने फरक पडत नाही. पुढे पहिले नातवंड पुला जन्मले की तोच बाप 'काक पुला', म्हणजे पुलाचा आजा होतो. पतवंड पाहण्याइतके आयुष्य लाभले, तर तो त्या पतवंडाच्या नावाने 'कुम्पी' होतो. एकाच माणसाची हाक आयुष्यात तीनदा बदलते, आणि दर वेळी तो पिढीची एक पायरी चढलेला असतो.

इथे नवऱ्याचे नाव बायकोइतकेच जाते, हे लेखात यायला हवे होते. दोघे एकाच मुलाच्या नावाने ओळखले जातात, म्हणजे गावाच्या दृष्टीने एक जोडी होतात.

वर्गात मी फळ्यावर दोन भाऊ काढत असे. थोरला पान रेग्रेग, धाकट्यालाही एक मूल, म्हणून तोही कुणाचा तरी 'पान'. त्यांचा बाप मात्र पहिल्या नातवंडावरून 'काक रेग्रेग'. मग विचारायचो, धाकट्याच्या नातवंडांना या म्हाताऱ्याचे खरे नाव कसे कळणार? पोरे विचार करत बसत. कळतच नाही! हयात असताना ते कुणी घेतले नाही, आणि मेल्यावर सांगणारा उरला नाही. तीन-चार पिढ्यांत पूर्वज निनावी होतात, आणि कोण कुणाचा चुलत, कोण मावस, हे नेमके सांगता येत नाही. गीर्ट्झ यांनी याला वंशावळीचे विस्मरण म्हटले. एकाच मूळ पुरुषाचे वंशज म्हणवणारे लोक देवळाभोवती एकत्र येतात, पण त्या पुरुषापर्यंतची साखळी मांडू शकत नाहीत. बालीतल्याच उच्च घराण्यांत मात्र ही प्रथा फारशी नव्हती, कारण त्यांचा मानमरातब वंशावळीवर उभा. ज्यांना पणजोबांच्या नावाची गरज, त्यांनी ते विसरायची सोय ठेवली नाही.

म्हणून सगळीकडे एकच कारण शोधणे मला चुकीचे वाटते. अरबांमध्येही 'अबू' म्हणजे बाप आणि 'उम्म' म्हणजे आई लावून हाक मारतात, पण त्याच्या जोडीला 'इब्न' लावून बापाचे, आजाचे नाव सांगण्याची पद्धत आहे. तिथे विस्मरण होत नाही. शिवाय ती हाक आदराची असते आणि मूल नसतानाही मिळू शकते. परंपरेनुसार प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांना अपत्य नव्हते, तरी भाच्याच्या नावावरून त्यांना 'उम्म अब्दुल्ला' म्हणत.

बालीत मात्र ही पळवाट नव्हती, आणि लेखाने दखल घ्यायची तर ती इथे. ज्या जोडप्याला मूल झाले नाही ते म्हातारे झाले तरी त्यांची हाक बालपणीचीच राहते. बरोबरीचे लोक 'पान', 'काक' होत जातात आणि हा माणूस पन्नाशीतही हाकेच्या हिशेबाने पोरांतच उभा असतो. अन्याय कुणावर होतो असे विचारले, तर मी त्या जोडप्याकडे बोट दाखवीन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक