मित्रास पत्र : रोजे धरणाऱ्या सहकाऱ्याला काय म्हणावे

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. २० मार्च २०२५

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तुझ्या नव्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ रोजे धरतात, त्यांच्याशी काय बोलावे ते कळत नाही आणि म्हणून तू सकाळी नुसते हसून आपल्या जागेवर जाऊन बसतोस, हे वाचून मला माझेच पूर्वीचे दिवस आठवले. शब्दांचे उत्तर सोपे आहे. महिना सुरू झाल्यावर पहिल्यांदा भेट होईल तेव्हा ‘रमजान मुबारक’ म्हणावे. तू ते म्हणाला नसशील, तर आता निम्मा महिना उलटून गेल्यावर म्हटलेस तरी वावगे ठरणार नाही, कारण ही शुभेच्छा संपूर्ण महिन्याची आहे. ‘ईद मुबारक’ मात्र आताच म्हणू नये. ते शेवटी चंद्र दिसल्यावर म्हणायचे. एकदा शुभेच्छा दिल्यावर रोज सकाळी त्याच शब्दांची उजळणी करण्याचीही गरज नाही. एरवी तू त्यांना नमस्कार करत असशील तर नमस्कारच करावा, कारण त्यांचा रोजा असला तरी तुमची ओळख रोजचीच आहे.

अडचण शुभेच्छेत नसते, तिच्यामागून येणाऱ्या प्रश्नांत असते. त्यांतला सर्वांत साधा वाटणारा आणि सर्वांत जास्त टोचणारा प्रश्न म्हणजे, ‘आज रोजा नाही का?’ दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न मी स्वतः विचारला आहे. आमच्या लेखा विभागात एक ताई आहेत, महिनाभर निष्ठेने रोजे धरणाऱ्या. एके दिवशी दुपारी त्या कपाटाआड उभ्या राहून पाणी पीत होत्या. मी फाईल आणायला गेलो आणि चार माणसांच्या देखत, अगदी आपुलकीने, तो प्रश्न विचारून बसलो. त्यांनी ‘आज नाही’ एवढेच म्हणून बाटली पर्समध्ये ठेवली आणि दिवसभर पुन्हा पाण्याला हात लावला नाही. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया रोजा धरत नाहीत आणि सुटलेले रोजे पुढे भरून काढतात, ही गोष्ट मला घरी आल्यावर पत्नीने सांगितली. ऐकून मला रात्री नीट झोप लागली नाही. आजारी माणसाला, प्रवासात असणाऱ्याला, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही अशी मुभा असते. म्हणजे ज्याचा रोजा नाही त्याच्याजवळ बहुधा एखादे खाजगी कारण असते, मधुमेहाचे किंवा पोटातल्या बाळाचे, आणि आपला प्रश्न त्याला ते कारण तरी सांगायला लावतो किंवा खोटे तरी बोलायला लावतो. म्हणून कोणी पाणी पिताना दिसले तर पाहिले न पाहिल्यासारखे करून आपल्या कामाचे बोलावे. रोजा असलेला माणूस विसरून चहाचा घोट घेतो, असेही घडते. बहुतेकांच्या मताप्रमाणे खरोखर विसरून खाल्ल्या-प्यायल्याने रोजा तुटत नाही, आठवताच थांबायचे असते. तेव्हा आपण ‘अहो, तुमचा रोजा!’ असे ओरडून सगळ्या खोलीला तिकडे बघायला लावण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न ‘पाणीसुद्धा नाही?’ हा. तो आपण आश्चर्याने विचारतो, परंतु त्यांनी तो लहानपणापासून दर वर्षी दहा जणांकडून ऐकलेला असतो. पहाटे उजाडू लागण्याआधी सहेरी उरकल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, विडी-सिगारेटही नाही, एवढे तुला ठाऊक असले की पुरे. सध्या आपल्याकडे हा काळ सुमारे सव्वातेरा तासांचा होतो. ‘आमच्या निर्जळी एकादशीसारखेच की,’ अशी तुलनाही मी आता करत नाही. हेतू जवळीक दाखवण्याचा असतो, पण बोलणे त्यांच्या रोजावरून आपल्या उपवासावर येते आणि ऐकण्याचे काम त्यांच्याकडे राहते.

आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची हकिगत सांगतो. गेल्या वर्षी त्यांना वास जाऊ नये म्हणून आम्ही सगळे डबे घेऊन जिन्यात जाऊन जेवू लागलो. तिसऱ्या दिवशी ते स्वतः तिथे आले आणि म्हणाले, ‘आत बसून जेवा की ओ! माझ्यापायी तुम्ही जिन्यात बसला, तर मलाच अवघडल्यागत होतंय.’ तेव्हापासून आम्ही जागेवरच जेवतो, फक्त त्यांच्यापुढे घास धरून आग्रह करत नाही आणि खाण्याबद्दल माफीही मागत नाही. त्यांच्यासाठी आम्ही जे बदलले ते ताटाशी नव्हे, घड्याळाशी संबंधित आहे. साडेपाचची आढावा बैठक या महिन्यात सकाळी अकराला घेतो, कारण इथे सध्या सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास होतो आणि साडेपाचला सुरू झालेली बैठक लांबली की त्यांचा इफ्तार रस्त्यावरच्या गर्दीत होतो. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाची वेळ मोकळी ठेवतो. रात्री तरावीहची नमाज असते आणि पहाटे सहेरीला उठायचे असते, म्हणून संध्याकाळनंतर कामाचा फोन करत नाही. हे ठरवताना मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता, ‘या महिन्यात तुम्हाला कोणती वेळ सोयीची?’ त्यांनी मोकळेपणाने उत्तर दिले. कामाची सोय लावणारा प्रश्न कोणालाही अवघड वाटत नाही, हे मला तिथे उमगले.

आणखी एक, जे माझ्या उशिरा लक्षात आले. रोजात केवळ पोट रिकामे ठेवायचे नसते. खोटे, शिवीगाळ आणि पाठीमागे निंदा यांपासून जीभही आवरायची असते, आणि कोणी भांडू लागला तर ‘माझा रोजा आहे’ म्हणून बाजूला व्हावे अशी शिकवण आहे. आमचे सहकारी चारच्या चहाला येत नाहीत, त्याला एकटा चहाच कारण नसावा. त्या चहात साहेबांची जी उणीदुणी निघतात, त्यात ‘तुम्हाला काय वाटते?’ म्हणून त्यांना ओढणे मी पूर्ण बंद केले आहे. माझ्या मते हा आदर कोणत्याही शुभेच्छेपेक्षा त्यांना अधिक पोहोचतो.

आता ईदेविषयी. या वर्षी रविवारी, ३० मार्चला आपला पाडवा आहे आणि त्याच दिवशी त्यांचा एकोणतिसावा रोजा. दोन्ही पंचांगे एकाच चंद्रावर महिना मोजतात. आपण अधिक मास घालून ऋतूशी मेळ राखतो, ते घालत नाहीत, म्हणून रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. पाडव्याच्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर सोमवारी ईद, नाही दिसली तर तीस रोजे पूर्ण होऊन मंगळवारी. सोमवार म्हणजे ३१ मार्च, वर्षअखेरीच्या हिशेबांचा दिवस! तुमच्याकडेही त्या दिवशी रजा मिळणे कठीण असेल, आणि ‘ईद नक्की कधी?’ असे त्यांना दहा वेळा विचारले तरी त्यांच्याजवळ उत्तर नसणार. तेव्हा याच आठवड्यात त्यांना सांग की दोन्ही दिवस त्यांचे काम तू सांभाळशील. मी इथे आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना तसे सांगून टाकले आहे आणि त्यांची खतावणी आधीच ताब्यात घेतली आहे.

पाडव्याला सूर्यास्ताच्या वेळी गुढी उतरवून मी गच्चीवर थांबणार आहे. पश्चिमेला कोर दिसली आणि चंद्र दिसल्याचे जाहीर झाले, की आधी त्यांना ‘चाँद मुबारक’ म्हणून फोन करीन आणि मग तुला.

घरी सर्वांना नमस्कार, लहानग्यास आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती