चांदीचा टंच फोटोत दिसत नाही

संपादक महोदय,

चांदीचे भाव चढल्यापासून लोकांच्या कपाटातली जुनी भांडी बाहेर निघाली आहेत. मी हुपरीचा, जन्म चांदीकामात गेला, त्यामुळे 'काका, बघा हो, खरी आहे का?' असं विचारत फोटो माझ्याकडेही येतात.

परवा मावसबहिणीने निरांजनांच्या जोडीचे फोटो पाठवले. बुडाशी शुद्धतेचा ९२५ चा ठसा, खोबणींत छान काळपट निळसर छटा. ग्रुपवरच्या जाणकारांनी निकाल देऊन टाकला: 'काळी पडते म्हणजे चांदीच!' चांदी काळी पडते, हे खरं. हवेतल्या गंधकाने तिच्यावर सल्फाइडचा थर धरतो. पण जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा दिला की वरचा थर चांदीचाच असतो, तोही तसाच काळवंडतो. (जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल, चांदी औषधालाही नाही.) फोटोत झूम करून बघायचीच असेल तर झिजलेली कड बघावी. तिथे पिवळट किंवा तांबूस झाक दिसली तर मुलाम्याचा संशय घ्यावा. नाही दिसली, तर काहीच सिद्ध होत नाही.

ठशाचंही तेच. नुसता ९२५ चा पंच कोणीही मारू शकतो. बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक असेल, तर तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. मात्र चांदीला एचयूआयडी सप्टेंबर २०२५ पासून आला, तोही ऐच्छिक. आजीच्या तांब्यावर तो कुठून असणार? ठसा नाही म्हणून तांब्या खोटा ठरत नाही.

बहिणीला म्हटलं, घेऊन ये. बुडाशी, दिसणार नाही अशा जागी कानशीने खोलवर घासलं आणि तिथे नायट्रिक ॲसिडचा थेंब सोडला. चांगली चांदी असती तर तो दुधट-करडा झाला असता. इथे हिरवा फेस उसळला. न घासता थेंब टाकला असता, तर मुलाम्याने आम्हाला फसवलं असतं. (घरी हा उद्योग करू नये, ॲसिड हात जाळतं.)

ॲसिडने चांदी आहे की नाही एवढं कळतं, नेमका टंच, म्हणजे शुद्धता किती, ते कळत नाही. हलक्या टंचाची चांदीही जरा हिरवट दिसते. आकडा हवा तर एक्स-रे मशीन. तेही वरचाच पातळ थर वाचतं, जाड मुलाम्यावर ठेवलं तर ऐटीत ९९ दाखवेल. म्हणून मशीनखाली घासलेली जागाच धरायला सांगावी. पैंजणाला तर दोन-तीन ठिकाणी तपासावं, कारण जोडाच्या टाक्याच्या जागी टंच कमी भरतो.

निरांजनं बहिणीच्या देवघरात अजून लागतात. वाटणीच्या यादीतून मात्र तिने ती खोडली.

आपला,
एक चांदी कारागीर, हुपरी (जि. कोल्हापूर)