दोन मंगळवार

चि. मनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, आमच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी विषय बदलला आणि तू गप्प झालीस. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तुमच्या जागी मी कधीच नव्हते. माझ्या वेळी "मूल हवं का" हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. तू झालीस आणि मी आई झाले. त्यामुळे माझ्या अनुभवातून तुला उत्तर दिलं तर ते अर्धवट असेल. पण बाळंतपणाच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं मूल हवं की नको या विचारात अडकलेल्या जोडप्यांशी बोलण्याचं काम केलं. तिथे जे पाहिलं ते लिहू शकते.

त्या जोडप्यांची एक चूक वारंवार दिसायची. एक जण मुलाच्या पहिल्या हसण्याचा विचार करायचा आणि दुसरा न झोपलेल्या रात्रींचा, आणि मग दोघं भांडायचे. एकाचा सर्वात चांगला दिवस दुसऱ्याच्या सर्वात वाईट दिवसासमोर ठेवला की काहीच ठरत नाही. म्हणून मी त्यांना एक साधा मंगळवार लिहायला सांगायची. सण नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही. आजपासून तीन वर्षांनी, मग पंधरा वर्षांनी आणि मग म्हातारपणी. तुम्हा दोघांसाठी तो मीच लिहून पाहते. चुकेल तिथे खोडा.

मूल आहे, असं धरू. तू सदतीस वर्षांची, तो चाळीसचा, मूल दोन वर्षांचं.

पहाटे साडेपाचला कुणीतरी तुझ्या तोंडावर हात ठेवून उठवतं. रात्री दोनदा उठणं झालंच आहे. झोपेचं मी मुद्दाम सांगते, कारण लोक "पहिले तीन महिने" म्हणून ते उडवून लावतात. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध घेतं, तो काळ खरंच संपतो. पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की पहिलं मूल झाल्यावर सहा वर्षांनीही आईवडिलांची झोप पूर्वीइतकी झालेली नव्हती. त्यात बायकांची तूट जास्त होती. सकाळी चपला कोणत्या पायात घालायच्या यावर वीस मिनिटं जातात. तू कामावर पोचतेस तेव्हा घरच्या कामाची एक पाळी उरकलेली असते. दुपारी पाळणाघरातून फोन येतो, ताप आहे. कोण निघणार? या एका प्रश्नावर मी जितके संसार कुरकुरताना पाहिले तितके पैशावरून पाहिले नाहीत. संध्याकाळी ते मूल खिडकीतल्या मुंगीला तिचं नाव विचारतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. तुम्ही दोघं दाराशी उभे राहून ते बघता. हे कुणाला सांगितलं तरी त्यात विशेष काही वाटणार नाही, पण त्या दिवशी तुम्हाला दुसरं काही नको असतं. नऊ वाजता ते झोपतं, आणि साडेनऊला तुम्हीही, एकमेकांशी चार वाक्यं बोलून.

पंधरा वर्षांनी मूल चौदाचं. खोलीचं दार बंद. इथे एक गोष्ट लक्षात ठेव. लोक "मूल हवं का" असं विचारतात आणि डोळ्यांसमोर बाळ असतं. बाळपण दीड-दोन वर्षांत सरतं. उरलेली सगळी वर्षं एका माणसाची असतात, आणि त्याचा स्वभाव तुम्ही निवडलेला नसतो. ते तुमच्यासारखं नसेल. त्याला जन्मभर मदत लागेल अशीही शक्यता असते. अशी घरं मी जवळून पाहिली आहेत. काहींनी मला "पुन्हा हेच करू" असं सांगितलं, एकीने दार लावून घेऊन सांगितलं की तिने नसतं केलं. ती चांगली आई होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

म्हातारपणीचा मंगळवार: फोन वाजतो किंवा वाजत नाही. मूल जवळ राहतं किंवा दूर. वाजला, तर पलीकडच्या आवाजात कधीतरी तुला माझा आवाज ऐकू येईल.

आता मूल नाही, असं धरू. तीच तू, तोच तो.

सहाला जाग येते ती आपोआप. अर्धा तास दोघं काही न बोलता एका खोलीत असता. चित्रांत दाखवतात तसा रोजचा प्रवास आणि मोकळं हिंडणं इथे नसतं, कारण मंगळवारी कामावर जायचंच असतं. फरक छोट्या गोष्टींत असतो. संध्याकाळी सात वाजता काय करायचं हे सात वाजता ठरतं. तू जे शिकायचं म्हणत होतीस ते तिसऱ्या वर्षीही चालू आहे, कारण ते बंद पडावं असं काही घडलेलं नाही. त्याच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तर तो सलग चार रात्री तिथे राहू शकतो. याच वर्षांत मैत्रिणींचा गट विरळ होतो. कुणी तोडत नाही, पण त्यांच्या वेळा मुलांच्या वेळांना बांधल्या जातात आणि बोलण्याचे विषयही. हे आधी माहीत नसलं की जास्त बोचतं. काही जोडपी तेव्हा नवी माणसं जोडतात, काही एकमेकांतच मिटून जातात.

पंधरा वर्षांनी, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कुणाच्या तरी चौदा वर्षांच्या मुलीला घरी भांडण झाल्यावर तुमच्या घरी यावंसं वाटतं. ती सोफ्यावर बसून तासभर बोलते, मग तिची आई तिला घेऊन जाते. दार लागल्यावर घरात जी शांतता होते ती काहींना हवीहवीशी वाटते, काहींना नाही. आणि त्याच माणसाला एका वर्षी एक वाटतं, दुसऱ्या वर्षी दुसरं. हे दुःख आलं म्हणजे निर्णय चुकला, असं समजू नकोस. न निवडलेल्या आयुष्याची हुरहूर मूल असलेल्यांनाही असते, फक्त ती बोलून दाखवायची त्यांना लाज वाटते.

म्हातारपणी इथे तयारी लागते. आजारपणात सही कोण करणार, घराची किल्ली कुणाकडे असणार, पैशाचे व्यवहार कोण बघणार, हे साठीतच लेखी ठरवावं लागतं. ज्यांनी ठरवलं होतं ती माणसं मी निवांत पाहिली. मुलं असलेली पुष्कळ माणसं हे ठरवत नाहीत आणि मग अडतात.

तुझी एक भीतीही होती, "आमच्या दोघांचं नातं टिकेल का?" त्यावर मला एक अभ्यास फार उपयोगी वाटतो. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात 218 जोडप्यांकडे लग्नानंतर आठ वर्षं लक्ष ठेवलं होतं. मूल झालेल्यांचं नात्यातलं समाधान मूल झाल्याबरोबर एकदम उतरलं. मूल नसलेल्यांचंही उतरलं, पण हळूहळू, आणि आठ वर्षांत एकूण साधारण तितकंच. एका वाटेवर मोठी पायरी आहे, दुसरीवर उतार. पायरीवर माणूस ठेचकाळतो म्हणून त्याला कळतं तरी. उताराकडे कुणाचं लक्ष नसतं.

आता तुझ्या वयाचं, कारण "अजून ठरवलं नाही" हाही एक निर्णय असतो आणि तो शरीर घेतं. बाई जन्मते तेव्हाच तिची सगळी बीजं तिच्यात असतात. पुढे ती कमी होत जातात आणि त्यांचा दर्जाही. पस्तिशीनंतर हे वेगाने होतं. तिशीच्या सुरुवातीला निरोगी बाईला एका महिन्यात दिवस जाण्याची शक्यता साधारण पाचात एक, चाळिशीत वीसात एकापेक्षाही कमी. दिवस गेलेले कळल्यावरही दहा ते वीस टक्के गर्भ टिकत नाहीत, आणि वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. म्हणून पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर डॉक्टरांकडे जावं, आणि तपासणी दोघांची व्हावी. एएमएच नावाची रक्ताची तपासणी करून निश्चिंत होऊ नकोस. ती बीजं किती उरली याचा अंदाज देते. आपसूक दिवस जातील की नाही हे तिच्यावरून ठरत नाही. आकडा चांगला आला म्हणून तीन वर्षं थांबलेल्या आणि मग माझ्यासमोर रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. तू चौतीस वर्षांची आहेस. घाबरायचं कारण नाही, पण कॅलेंडरवर एक तारीख घाला. त्या तारखेपर्यंत हा विषय रोज रात्री उगाळायचा नाही, आणि त्या तारखेला टाळायचाही नाही.

मधल्या काळात एक करून बघा. एक आठवडा दोघांनी "आपलं ठरलं, मूल हवं" असं मनात धरून राहायचं. पुढचा आठवडा "ठरलं, मूल नाही" असं. आपसात बोलायचं नाही, रात्री फक्त दोन ओळी लिहायच्या. पहिल्या दिवशी दोन्ही वेळा धास्ती वाटते, ती मोजू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी काय उरतं ते बघा. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्यात ती "हवं" म्हणत होती, तो "नको". वह्या उघडल्या तर "नाही"च्या आठवड्यात तिने लिहिलं होतं, "आज सासूबाईंना काय सांगू याचाच विचार केला, मुलाचा नाही." आणि त्याने "हवं"च्या आठवड्यात लिहिलं होतं, "बाबांसारखा होईन." तिची ओढ दुसऱ्या कुणाची होती, त्याचा नकार भीतीचा होता. दोघांनी त्यावर वर्षभर काम केलं. काय ठरवलं ते मी सांगत नाही. सांगितलं तर तू तेच उत्तर मानशील.

वह्या जुळल्या नाहीत, एक ठाम "हो" आणि एक ठाम "नाही" निघालं, तर मधला रस्ता नसतो. अर्धं मूल होत नाही. तेव्हा घाईने कुणी कुणाला मनवू नये. मनवलेला माणूस पुढच्या प्रत्येक वाईट मंगळवारी ते आठवतो, मूल असो वा नसो. अशा वेळी तिसऱ्या माणसासमोर बसून बोला, आणि ते माणूस मी नसावं.

मला काय वाटतं, हे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू या पत्रात तेवढंच वाचलं असतंस. पत्राच्या दोन प्रती पाठवते आहे. त्याच्या प्रतीत मूल नसलेला मंगळवार आधी ठेवलाय, तुझ्यात नंतर. वेगवेगळं वाचा, मग अदलाबदल करा. पेन्सिल घेऊन बसा.

तारीख ठरली की कळव. त्या दिवशी मी फोन करणार नाही.

तुझी,
आई