साठ टक्के आणि एक पाकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका कौटुंबिक कंपनीच्या भांडणाची बातमी होती. '60 टक्के भागधारकांच्या पाठिंब्याने नियमावलीतील दुरुस्ती मंजूर' असं त्यात म्हटलं होतं. रविवारी त्यावर एका वाचकाचं पत्र आलं की विशेष ठरावाला 75 टक्के लागतात, त्यामुळे दुरुस्ती बेकायदा. मी कोल्हापुरात बरीच वर्षं कंपनी सेक्रेटरीचं काम करतो. माझ्या मते बातमीही अपुरी आहे आणि पत्रलेखकाचा निष्कर्षही घाईचा आहे. 60 टक्क्यांवर विशेष ठराव मंजूर होऊ शकतो, तसाच पडूही शकतो. ते कशावर ठरतं हे सांगायला माझ्यासमोर घडलेलं एक प्रकरण पुरेसं आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील थोडे बदलले आहेत.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एकूण शेअर 10,000. थोरल्या भावाकडे 5,200, मधल्याकडे 2,100, धाकट्या बहिणीकडे 1,700 आणि पुतण्याकडे 1,000. संचालक तीन: थोरले, त्यांची पत्नी आणि मधले. शेअर विकायचे झाल्यास आधी घरच्यांना विचारावं, असं एक कलम नियमावलीत होतं. ते काढून टाकायचं थोरल्यांच्या मनात होतं. नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणून 30 सप्टेंबर 2025 रोजी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. (सभेच्या नावातलं 'विशेष' वेगळं आणि ठरावातलं वेगळं. विशेष सभेत साधारण ठरावही होतो.)

सभेला मधले आले नाहीत. हात वर झाले ते थोरले आणि पुतण्या यांचे बाजूने, बहिणीचा विरोधात. दोनास एक. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत, म्हणजे हात मोजून ठराव पडला होता. पण हात मोजताना माणूस मोजला जातो, शेअर नाही. ज्याच्याकडे एकूण मताधिकाराचा दहावा भाग आहे तो शेअरनिहाय मतदान, म्हणजे पोल, मागू शकतो. थोरल्यांनी तो मागितला. आता बाजूने 6,200, विरोधात 1,700. सतराशेची तिप्पट 5,100. ठराव मंजूर!

कंपनीच्या सगळ्या शेअरांच्या हिशेबात हे 62 टक्केच होतात. पण कायद्याचं कलम 114 सगळे शेअर मोजत नाही, पडलेली मतं मोजतं. जो आला नाही किंवा आला पण तटस्थ राहिला, तो ना बाजूला ना विरोधात. 7,900 मतांत 6,200 म्हणजे 78 टक्क्यांच्या वर. रविवारच्या पत्रलेखकांचे 75 टक्के बरोबरच आहेत, फक्त ते कशाचे हे त्यांनी विचारलं नाही.

माझा संबंध आला तो इथून पुढे. विशेष ठराव झाला की 30 दिवसांत `MGT-14` हा फॉर्म रजिस्ट्रारकडे भरावा लागतो. त्यावर सही करायला मला बोलावलं होतं. फाईल उघडली तर नोटिशीवर तारीख 5 सप्टेंबर. सभा 30 तारखेची, तेव्हा वरवर पाहता भरपूर वेळ. मी सवयीने पोस्टाची पावती मागितली. ती निघाली 8 सप्टेंबरची. हिशेबनीस म्हणाले, "साहेब, सहा तारखेला अनंत चतुर्दशी होती, सगळे मिरवणुकीत. सात तारखेला रविवार. सोमवारी पहिल्यांदा तेच काम केलं."

सर्वसाधारण सभेला नोटीस हवी पूर्ण 21 दिवसांची. 'पूर्ण' या शब्दात बहुतेकांची गल्लत होते. नोटीस मिळाल्याचा दिवस मोजायचा नाही आणि सभेचाही नाही. शिवाय टपालाने पाठवली तर ती टाकल्यापासून 48 तासांनी मिळाली असं कायदा मानतो, मग पोस्टमन प्रत्यक्षात कधीही येवो. 8 तारखेला टाकलेलं पाकीट 10 तारखेला मिळालं असं धरायचं. 11 ते 29 सप्टेंबर होतात 19 दिवस. दोन कमी पडले. तेच पाकीट 6 तारखेला, विसर्जनाच्या सकाळी का होईना, टाकलं असतं तर 9 ते 29 असे बरोबर 21 भरले असते.

गंमत अशी की बहिणीला आणि पुतण्याला हीच नोटीस त्याच 8 तारखेला ई-मेलने गेली होती. ई-मेल पाठवला त्याच दिवशी पोचला असं मानलं जातं, त्यामुळे त्यांच्यापुरते 21 दिवस पूर्ण भरत होते. मधल्यांचा ई-मेल पत्ता मात्र कंपनीकडे नोंदलेलाच नव्हता. म्हणजे एकाच दिवशी निघालेली एकच नोटीस दोघांच्या बाबतीत पुरेशी आणि तिसऱ्याच्या बाबतीत अपुरी.

कमी मुदतीची नोटीस चालते, पण संमती असेल तरच. वार्षिक सोडून इतर सभेसाठी भागधारकांपैकी बहुसंख्यांची लेखी किंवा ई-मेलवरची संमती लागते, आणि त्यांच्याकडे मताधिकार असलेल्या भागभांडवलाचा किमान 95 टक्के हिस्सा असावा लागतो. इथे एकट्या मधल्यांकडे 21 टक्के. त्यांच्या सहीशिवाय ही वाट बंद. मी आणखी एक शक्यता तपासली. प्रायव्हेट कंपन्यांना जून 2015 च्या अधिसूचनेने एक सवलत दिली आहे: नोटीस, गणपूर्ती, हात वर करून मत, पोल यांबद्दल त्यांची नियमावली वेगळं काही सांगू शकते. काही कंपन्या त्यात सात दिवसांची नोटीस पुरेशी असं लिहून ठेवतात. या कंपनीची नियमावली त्याबाबत गप्प होती, म्हणजे 21 दिवसच.

थोरल्यांचं म्हणणं होतं, "दोन दिवसांचं काय एवढं? कोरम तर भरला होता ना?" भरला होता, यात वाद नाही. प्रायव्हेट कंपनीच्या सर्वसाधारण सभेला दोन सभासद जातीने हजर असले की गणपूर्ती होते, इथे तिघे होते. पण गणपूर्तीने नोटिशीची चूक भरून निघत नाही. तीच चूक संचालक मंडळाच्या सभेतही झाली होती आणि तिथे ती जास्त उघडी होती.

सर्वसाधारण सभा बोलवायचं ठरवतं संचालक मंडळ. ती मंडळाची सभा 4 सप्टेंबरला झाली. मंडळाच्या सभेला प्रत्येक संचालकाला, त्याच्या नोंदलेल्या पत्त्यावर, किमान सात दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. गणपूर्ती एकूण संचालकांच्या एक-तृतीयांश किंवा दोन, यात जी संख्या मोठी ती. तिघांचा एक-तृतीयांश एक, म्हणून दोन. थोरले आणि वहिनी, झाले दोन. मधल्यांना नोटीसच गेली नव्हती. कारण विचारलं तर उत्तर आलं, "तो पुण्याला असतो, कधीच येत नाही." सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये परमेश्वरी प्रसाद गुप्ता प्रकरणात नेमकं हेच सांगितलं आहे: एका संचालकाला जरी नोटीस दिली नसेल, तरी त्या सभेतला ठराव वैध नाही. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. पुढच्या, रीतसर बोलावलेल्या सभेत मंडळ तो निर्णय कायम करू शकतं. तेव्हा मंडळाची सभा दुरुस्त करता येण्यासारखी होती. पण भागधारकांच्या सभेचे दोन दिवस मागे जाऊन कोण भरून देणार?

चुकून एखाद्याला नोटीस पोचली नाही तर सभा रद्द होत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे, हेही मला ऐकवण्यात आलं. ती आहे. पण ती यादीतलं एखादं नाव नजरचुकीने राहून जाण्यासाठी आहे. पावतीवर 8 आणि नोटिशीवर 5 तारीख असताना तिचा आधार घ्यायला मी तरी तयार नव्हतो. फॉर्मवर सही केली नाही. थोरले आठ-दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी डिसेंबरमध्ये सगळं नव्याने झालं. तिन्ही संचालकांना नोटीस, मंडळाची सभा, भागधारकांना नोटीस, आणि या वेळी सोबत खुलाशाचं निवेदनही. आधीच्या नोटिशीत नुसतं 'नियमावलीत दुरुस्ती करणे' एवढंच होतं. कोणतं कलम, का, आणि कुणा संचालकाचं त्यात हित आहे, हे लिहावं लागतं, तेही राहिलं होतं. ठराव 'विशेष ठराव' म्हणून मांडणार हे नोटिशीतच म्हणावं लागतं, ते मात्र दोन्ही वेळा होतं. मधले पुण्याहून आले. हात वर केले, दोनास दोन. पोल झाला: बाजूने तेच 6,200, विरोधात आता 3,800. तिप्पट 11,400 होतात. ठराव पडला.

संपादक महोदय, तीच माणसं, तेच शेअर, थोरल्यांच्या बाजूची मतंही तीच. सप्टेंबरात ठराव मंजूर आणि डिसेंबरात नामंजूर. म्हणून मला आपल्या बातमीतल्या 60 टक्क्यांवरून काहीच कळलं नाही. विरोधात किती मतं पडली आणि गैरहजर राहिलेल्यांना नोटीस कधी निघाली, एवढं छापलं असतं तर कळलं असतं.

साधारण ठरावाचं गणित सोपं: बाजूची मतं विरोधापेक्षा जास्त, बस्स. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. डिसेंबरातल्या त्याच मतांवर थोरल्यांना नियमावलीतलं एक कलम हलवता आलं नाही, पण मधल्या भावाला संचालकपदावरून काढता आलं असतं. त्याला साधारण ठराव पुरतो. फक्त तो मांडणाऱ्याने कंपनीला सभेच्या किमान 14 दिवस आधी खास सूचना द्यायची आणि ज्याला काढायचं त्याला बोलायची संधी द्यायची. मात्र हे काम भागधारकांच्या सभेचंच, मंडळाचं नाही. टाटा सन्समध्ये सायरस मिस्त्री यांना 24 ऑक्टोबर 2016 रोजी अध्यक्षपदावरून मंडळाने दूर केलं, पण संचालक म्हणून काढण्यासाठी 6 फेब्रुवारी 2017 ची भागधारकांची सभा घ्यावी लागली, ती यामुळेच.

थोरल्यांनी तो मार्ग धरला नाही. का, ते मी विचारलं नाही. घरचा मामला. मधल्यांनी सप्टेंबरचं ते पाकीट, पोस्टाच्या शिक्क्यासकट, जपून ठेवलं आहे. आणि डिसेंबरची सभा संपल्यावर पुण्याची बस पकडण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर कंपनीला आपला ई-मेल पत्ता लिहून दिला.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर