जिन्यात बोलावं, थांबू नये

माननीय संपादक,
स. न.

जिन्यात भेटणाऱ्या चौकस शेजाऱ्यांपासून सुटका हवी असेल तर मोबाइल कानाला लावून सरळ वर निघून जावं, असा सल्ला आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने दिला होता. लिफ्टच्या इमारतीत तो चालत असेलही. आमची इमारत डोंबिवलीतली, जुनी, तळमजला अधिक तीन मजल्यांची. लिफ्ट नाही, जिना एकच. तिथे फोन कानाला लावून जाणारीचं पुढे काय होतं ते मी पाहिलं आहे. 'हल्ली बोलत नाही, काहीतरी बिनसलंय घरात,' असं म्हणत दुसऱ्या दिवशी तीच विषय होते. गप्पांमधून सुटायला गेलेली बाई गप्पांमध्येच जाऊन बसते.

आमच्या पहिल्या मजल्यावर एक काकू आहेत. सेफ्टी डोअर बंद, आतलं दार सताड उघडं, आणि दारातल्या खुर्चीवर बसून त्या मेथी निवडत असतात किंवा शेंगा सोलत असतात. बाई मनाने चांगल्या. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा पहिल्या धावत आल्या त्याच. म्हणून रोज त्यांच्याशी बोलायचं हे माझं ठरलेलं आहे. मात्र कुणाविषयी बोलायचं, हे मी त्यांच्यावर सोडत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात आपण करावी, आणि तीही त्यांच्या दारापाशी पोचण्याआधी. वळणावरून चार पायऱ्या खालूनच मी म्हणते, "काय काकू, गुडघा काय म्हणतोय?" त्या उत्तर द्यायला लागतात तोवर मी दारासमोर येते, आणि "शेक घ्या हं रात्री" हे माझं वाक्य पुढच्या पायऱ्या चढता चढता पूर्ण होतं. पाय थांबत नाहीत आणि तोडून टाकल्यासारखंही वाटत नाही. हातातली भाजीची पिशवी मात्र त्यांच्या मजल्यावर कधीही खाली टेकवायची नाही. पिशवी टेकली की बैठक बसलीच समजा. दम लागत असेल तर पहिल्या मजल्यावर पोचण्याआधीच्या वळणावर उभं राहून घ्यावा.

प्रश्न त्यांच्याच गुडघ्याचा, कुंडीतल्या गवती चहाचा, नातवाच्या परीक्षेचा असावा. "काय विशेष?" असं चुकूनही विचारू नये, कारण विशेष त्यांच्याकडे भरपूर असतं. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ सालच्या एका निबंधात म्हटलं आहे की, माणसं भेटल्यावर जे हवापाण्याचं बोलतात ते माहिती देण्यासाठी नसतं, नातं राखण्यासाठी असतं. जिन्यातल्या बोलण्याला एवढंच काम पुरे. तिथे बातमी लागत नाही.

तरीही बातमी येतेच, आणि ती येताना आधी वर्दी देते. "तुला म्हणून सांगते", "मला काय करायचंय, पण…", "कुणाला बोलू नकोस हं." आवाज खाली येतो, मेथीची काडी हातातच राहते. याच क्षणी काय बोलायचं ते आधी ठरलेलं नसेल तर माणूस सापडतो.

घडलेली गोष्ट सांगते. तिसऱ्या मजल्यावरच्या घरातली सून काही आठवडे दिसत नव्हती. काकू म्हणाल्या, "अगं, ती माहेरी जाऊन बसलीये. भांडूनच गेली असणार." यावर "हो का?" म्हटलं तर पुढचा भाग सुरू होतो. "कुणी सांगितलं?" म्हटलं तर साक्षीदारांसकट सुरू होतो. पण सगळ्यात फसवा रस्ता तिसराच, तो म्हणजे बाजू घेण्याचा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी भाबडेपणाने तेच केलं. म्हणाल्या, "नाही हो काकू, भांडणबिंडण काही नाही, तिच्या आईचं ऑपरेशन आहे." हेतू चांगलाच होता. संध्याकाळपर्यंत ऑपरेशनची बातमी तळमजल्यावर पोचली, तीही या बाईंच्या नावानिशी, आणि दोन दिवसांत त्या ऑपरेशनला एक आजारही चिकटला. सून परत आली ती सरळ या बाईंच्या दारात: "आईचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." चुकीची बातमी दुरुस्त करायला गेलं तरी आपण बातमी पुरवतोच, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

मी त्या दिवशी म्हटलं, "मला नाही बाई काही माहीत. आली की तिलाच विचारू. तुमची मेथी छान कोवळी दिसतेय, कुठून आणलीत?" माहीत होतं की नव्हतं हा प्रश्नच वेगळा. दुसऱ्याच्या घरातलं जिन्यात माहीत नसावं, एवढंच. "तिलाच विचारू" हे शब्द मात्र रागाने किंवा टोमणा मारून म्हणू नयेत. एकदा का आपण "असं कुणाच्या पाठीमागे बोलू नये" म्हणून शिकवायला लागलो, की भांडण आपलं आणि बातमीही आपलीच.

आपल्या घराची चौकशी झाली तर काय? "काल रात्री उशिरापर्यंत दिवा होता तुमचा?" याला "काही नाही, सहजच" हे उत्तर वाईट, त्याने कुतूहल वाढतं. "हो, मुलाचा प्रोजेक्ट होता" असं खरं, छोटं आणि कंटाळवाणं उत्तर द्यावं. कंटाळवाण्या गोष्टी जिना उतरून खाली जात नाहीत.

आता एक अपवाद, आणि तो फार महत्त्वाचा आहे. काकूंनीच मागे एकदा सांगितलं होतं की बाजूच्या विंगमधून रात्री मारहाणीचे आवाज येतात. ते ऐकून घेताना मी पिशवी खाली ठेवली आणि थांबले. ही चघळायची गोष्ट नव्हे. अशा वेळी ११२ किंवा महिलांसाठीची १८१ ही हेल्पलाइन लागते, आणि दारात बसणाऱ्या बाईला जे ऐकू येतं ते नोकरीवर जाणाऱ्या आमच्यासारख्यांना येत नाही. मी फरक असा करते: सांगितल्यावर कुणी काही करायचं असेल तर ऐकावं. कुणी काहीच करायचं नसेल, नुसतं हळहळायचं किंवा हसायचं असेल, तर गुडघ्याकडे वळावं. थकलेला मेंटेनन्स, गळती, पार्किंग हे विषय तिसऱ्याच जातीचे. त्यांना माझं ठरलेलं उत्तर आहे, "सेक्रेटरींना लेखी द्या, मीटिंगमध्ये घेऊ."

निंदकाचे घर असावे शेजारी असं आपण म्हणतो खरं, पण तो आपल्या तोंडावर आपले दोष सांगणारा. इतरांचे दोष आपल्याला सांगणाऱ्याचं काय करायचं, ते आपलं आपणच बघायचं असतं. काकूंच्या बाबतीत मला दिसतं ते असं की, त्यांना बातमीपेक्षा बोलायला माणूस हवा असतो. त्यामुळे रविवारी सवड असेल तेव्हा मी मुद्दाम त्यांच्याकडे चहाला जाते, आणि त्यांच्या माहेरच्या, कोकणातल्या घराचं विचारते. तो विषय तासभर पुरतो आणि त्यात इमारतीतलं कुणीही येत नाही. तेवढं झालं की पुढचे दिवस जिन्यातली त्यांची पकड आपोआप सैल होते.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे दहा बायका सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या असतात आणि चढायला पुढच्या पायऱ्या नसतात. तेव्हा मी आल्या आल्या पदर खोचते आणि पन्हं वाटायचं काम मागून घेते.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)